हिरा नियमात का बसेना?

1819 साली पॅरिसमध्ये द्यूलाँ आणि पेती या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की शिसे असो वा तांबे, अणूंची संख्या सारखी घेतली तर एका अंशाने तापवायला जवळपास सारखीच उष्णता लागते. आजच्या मापात ती मोलमागे सुमारे 25 ज्यूल होते. मग तो एक मोल शिशाचा, म्हणजे 207 ग्रॅमचा असो, की तांब्याचा, साडेत्रेसष्ट ग्रॅमचा.

हिरा मात्र या नियमाला दाद देईना. खोलीच्या तापमानाला त्याच्या एका मोलला, म्हणजे 12 ग्रॅमला, जेमतेम 6 ज्यूल पुरतात. 1870 च्या दशकात हाइनरिश वेबर यांनी हिरा गोठवून आणि तापवून पाहिला. थंडीत हा आकडा आणखी घसरला, तर हजारेक अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर तो 25 च्या जवळ आला.

याचे उत्तर 1907 मध्ये दिले ते झुरिचमधल्या वेबर यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, आल्बर्ट आइन्स्टाइनने. घन पदार्थातले अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात आणि दिलेली उष्णता मुख्यतः या कंपनांत जाते. पण कंपन वाटेल तेवढी ऊर्जा घेत नाही. तिथे सुटे पैसे चालत नाहीत. ठरलेली अख्खी नोटच लागते, आणि कंपन जितके जलद तितकी नोट मोठी.

हिऱ्यातले कार्बनचे अणू हलके आणि त्यांचे बंध कमालीचे ताठ. त्यामुळे त्यांची सर्वांत जलद कंपने सेकंदाला सुमारे 40 लाख कोटी वेळा होतात. अशा कंपनाला लागणारा ऊर्जेचा एक पुंज खोलीतल्या उष्णतेच्या सरासरी वाट्याच्या सहापट भरतो. तो क्वचितच मिळतो, म्हणून ही कंपने जवळजवळ निपचित राहतात आणि त्यांच्यावर उष्णता खर्चच होत नाही. शिशाचे जड अणू सेकंदाला फार तर दोनेक लाख कोटी वेळा कंप पावतात. त्यांचे पुंज इतके लहान, की उणे 170 अंशांनाच शिसे 25 च्या अगदी जवळ पोचलेले असते.

तापमान वाढेल तशी एकेक कंपने जागी होतात, म्हणून आलेख चढतो. पण कंपनांचे एकूण प्रकार ठरलेले असतात, प्रत्येक अणूमागे तीन. सगळी जागी झाली, की पुढच्या दर अंशाला प्रत्येकाचा वाटा तेवढाच राहतो आणि आलेख सपाट होतो.

आइन्स्टाइनने सगळ्या अणूंना एकच कंपनसंख्या दिली होती. त्यामुळे त्याचा आलेख अतिथंडीत फारच झपाट्याने खाली येई. नेर्न्स्ट यांच्या बर्लिनमधल्या मोजमापांत घसरण त्याहून सावकाश दिसली. 1912 मध्ये पीटर डिबाय यांनी ही चूक दुरुस्त केली. अणू एकमेकांना बांधलेले असल्याने कंपने लाटांसारखी अख्ख्या स्फटिकातून धावतात. या लाटांच्या ऊर्जापुंजांनाच पुढे फोनॉन हे नाव मिळाले. लांब लाटांचे फोनॉन इतके लहान असतात, की कडाक्याच्या थंडीतही ते निर्माण होतात. तिथे तापमान निम्मे केले, की उष्माधारिता एक-अष्टमांश होते. धातूंमध्ये मात्र शेवटच्या काही अंशांत हे गणित चुकते, कारण तिथे मुक्त इलेक्ट्रॉनही आपला वाटा घेतात आणि तो फोनॉनांच्या वाट्याइतक्या वेगाने घटत नाही.