सालींचा रंग, सालींचा तुरटपणा

ऑरेंज वाइनमध्ये संत्रं नसतं. नेहमीच्या व्हाइट वाइनसाठी पांढरी द्राक्षं चिरडली की रस लगेच गाळून घेतात. इथे तो सालींसकटच आंबू देतात. रंग आणि तुरटपणा सालींतून उतरतो. जॉर्जियातल्या काखेती भागात र्कात्सितेली द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसह क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात भरतात. आंबताना साली वर तरंगतात. त्या सुकून आंबट पडू नयेत म्हणून दिवसातून अनेकदा काठीने खाली दाबाव्या लागतात. मग रांजण झाकून पाच-सहा महिने तसाच ठेवतात. वाइन निघते ती मधाच्या रंगाची, कोऱ्या चहासारखी जीभ ओढणारी.

फ्रिजमधून काढून लगेच ओतणं हीच मोठी चूक. गारठ्याने वास दबतो आणि तुरटपणा बोचतो. बाटली अर्धा तास बाहेर ठेवा; १२ ते १४ अंश उत्तम. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या. गढूळपणा हा दोष नव्हे, मात्र नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर वाइन बिघडली समजा. सोबत अक्रोड घातलेली वांगी किंवा मटण द्या. नाजूक मासा तिच्यापुढे टिकत नाही.