गॅरेजवरच्या बाथरूमचा पाइप

शिकागोच्या उपनगरांतल्या दुमजली घरांचा एक नेहमीचा आराखडा असतो. खाली दोन गाड्यांचं गॅरेज, त्याच्या डोक्यावर एक बेडरूम आणि तिला लागून बाथरूम. जागा छान वापरली जाते, पण गॅरेजमध्ये हीटिंग नसतं. त्यामुळे या बाथरूमची एक भिंत बाहेरच्या हवेला लागलेली आणि फरशीखाली गॅरेजचा गारठा, अशी परिस्थिती असते. बेसिनला आणि कमोडला पाणी आणणारे अर्धा इंची पाइप याच भिंतीतून किंवा याच फरशीखालून येतात. घरातला एखादा पाइप गोठणार असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा.

त्यात आपल्या मराठी घरांत ही खोली आई-बाबा येतात तेव्हाची. ते मे महिन्यात येतात, दिवाळीआधी परत जातात, आणि मग खोली बंद. वापर नाही तर गरम कशाला करायची, म्हणून छतातला किंवा जमिनीतला व्हेंट बंद केला जातो, दार लोटून घेतलं जातं, नळ आठवडेच्या आठवडे उघडला जात नाही. काटकसर म्हणून केलेल्या या तिन्ही गोष्टी पाइपच्या जिवावर उठणाऱ्या आहेत.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून आपण समजतो की बर्फाने पाइप आतून दाबून फाडला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घडतं ते वेगळं. इलिनॉय विद्यापीठाच्या इमारतविषयक संशोधकांनी १९९०च्या दशकात पाइप मुद्दाम गोठवून हे तपासलं. पाइपच्या सर्वांत थंड जागी बर्फाचं बूच तयार होतं आणि ते लांबीच्या दिशेने वाढत जातं. बुचाच्या एका बाजूचं पाणी मागे, रस्त्याखालच्या मोठ्या पाइपकडे सरकू शकतं. दुसऱ्या बाजूला असतो बंद नळ. बूच आणि नळ यांच्यात कोंडलेल्या पाण्याला जायला वाटच नसते. घरात एरवी पाण्याचा दाब चौरस इंचाला ४० ते ८० पौंड असतो. या कोंडलेल्या तुकड्यात तो हजारोंच्या घरात जातो. मग पाइप त्याच्या सर्वांत कमकुवत जागी फाटतो आणि तिथे अनेकदा बर्फ नसतोच.

एवढं समजलं की दोन गोष्टी उलगडतात. एक, नळ किंचित उघडा असेल तर दाब साचत नाही. पाइप गोठला तरी फुटण्याची शक्यता खूप कमी होते. दुसरी, पाइप फुटला तरी लगेच कळत नाही, कारण बर्फाच्या बुचानेच पाणी अडवून धरलेलं असतं. दोन दिवसांनी ऊन पडतं, बूच विरघळतं आणि मग गॅरेजचं छत टपकू लागतं. थंडी ओसरली म्हणून घरातले निर्धास्त होतात ती दुपार खरी धोक्याची.

आपल्याकडच्या इमारतींत एखादा पाइप फुटला तर गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गळती आपोआप थांबते. इथे नळाला पाणी थेट रस्त्यावरून, चोवीस तास, पूर्ण दाबाने येतं. कोणी बंद करेपर्यंत ते वाहतच राहतं. घर तीन आठवडे रिकामं असेल तर पाणीही तीन आठवडे वाहू शकतं.

बाहेर किती थंडी पडली की काळजी करायची? त्याच संशोधनातून २० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअस, हा इशाऱ्याचा आकडा पुढे आला. पण तो माळ्यावरच्यासारख्या उघड्या, हीटिंग नसलेल्या जागेतल्या पाइपसाठी आहे. शिकागोत उणे ७ ही हिवाळ्यातली साधी रात्र. ३० जानेवारी २०१९ ला तिथे पारा उणे ३१ सेल्सिअसपर्यंत गेला होता. भिंतीत नीट झाकलेला पाइप उणे ७ ला काही गोठत नाही. मात्र त्याच भिंतीला फट असेल आणि वारा थेट पाइपवर येत असेल, तर एरवी सुरक्षित असलेला पाइपही गोठतो. घराची ऊब पाइपपर्यंत पोचते का आणि वारा त्याला लागतो का, हे दोन प्रश्न बाहेरच्या तापमानाइतकेच महत्त्वाचे आहेत.

थर्मोस्टॅटवर इथे विसंबू नये. तो असतो खालच्या हॉलमध्ये आणि हॉलचंच तापमान सांगतो. म्हणून एक साधी परीक्षा करावी. कडक थंडीच्या रात्री दहा डॉलरचा थर्मामीटर त्या बाथरूमच्या बेसिनखालच्या कपाटात, मागच्या भिंतीला टेकवून ठेवावा आणि कपाट बंद करावं. सकाळी हॉलमध्ये ६८ फॅरनहाइट असताना कपाटात ४५ दिसले, तर भिंतीच्या आत, पाइपपाशी, त्याहून थंड आहे हे उघड आहे. मग त्याच कपाटात हात घालून पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे चाचपडावं. पाइपभोवतीच्या गोल चकतीमागून गार वारा हाताला लागला, तर दोष सापडला. ती फट फोमच्या स्प्रेने किंवा सिलिकॉनने बुजवायला अर्धा तास लागतो. या कामासाठी प्लंबरची गरज नाही.

गॅरेजच्या छताचं काम मात्र जाणकाराकडून करून घ्यावं. तिथे इन्सुलेशन असतंच, पण काही घरांत ते पाइपच्या वरच्या बाजूला, म्हणजे फरशी आणि पाइप यांच्या मध्ये कोंबलेलं सापडतं. अशा वेळी इन्सुलेशन खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचूच देत नाही आणि पाइप गॅरेजच्या बाजूला उघडा पडतो. इन्सुलेशन नेहमी पाइप आणि थंडी यांच्या मध्ये हवं, पाइप आणि ऊब यांच्या मध्ये नको. बाजारात मिळणाऱ्या काळ्या फोमच्या नळ्यांबद्दलही हेच लक्षात ठेवावं. त्या पाइप थंड होण्याचा वेग कमी करतात, स्वतः ऊब देत नाहीत. जिथे ऊब पोचतच नाही तिथे नुसती नळी चढवून उणे वीसची सलग दोन दिवसांची थंडी निभत नाही.

घरात असताना कडाक्याची रात्र आली तर करायचं ते थोडं आहे. त्या खोलीचा व्हेंट आणि दार उघडं ठेवा. बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडा. आत फिनेल वगैरे असेल आणि घरात लहान मूल असेल तर ते आधी वर ठेवा. गॅरेजचा दरवाजा गाडी आत आली की लगेच पाडा. रात्री हीटिंग कमी करण्याची सवय तेवढ्या रात्री मोडा. आणि सर्वांत दूरच्या नळातून गरम व थंड, दोन्ही बाजूंनी, बारीक धार सोडून ठेवा. दोन्ही बाजूंनी, कारण पाइप दोन वेगळे असतात आणि गरम पाण्याच्या पाइपमधलं पाणी रात्रभर वापरलं नाही तर तेही थंडच असतं. टपकता नळ बघून जीव खालीवर होणाऱ्या आपल्या पिढीला हे जड जातं, पण ड्रायवॉल बदलण्याच्या बिलापुढे रात्रभराचं ते पाणी काहीच नाही.

सकाळी एकाच नळाला पाणी नाही आणि बाकी घरात आहे, तर तो पाइप गोठला आहे असं समजावं. नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने पाइप गरम करायचा, तोही नळाच्या टोकाकडून मागे मागे जात, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. आगीची ज्योत कदापि नको. भिंतीतलं लाकूड पेटून घरं जळली आहेत. या सगळ्या वेळात घरातलं एक माणूस बेसमेंटमध्ये मेन कॉकपाशी उभं असावं. पाइपला कुठे फुगवटा किंवा चीर दिसली, तर वितळवण्याआधीच पाणी बंद करावं.

आता डिसेंबरच्या सुट्टीचं. वीस-बावीस दिवस भारतात जायचं असेल तर वर सांगितलेली बारीक धार उपयोगाची नाही. बघायला कोणी नसताना नाल्याचा पाइपच गोठला तर बेसिन भरून वाहू लागेल. त्यापेक्षा पाइपमध्ये दाबाने भरलेलं पाणीच ठेवू नये. निघायच्या सकाळी आंघोळी आटोपल्या की आधी वॉटर हीटर इलेक्ट्रिक असेल तर त्याचा ब्रेकर पाडावा, गॅसचा असेल तर ‘व्हेकेशन’वर आणावा. मग बेसमेंटमध्ये, रस्त्यावरून पाइप आत येतो तिथला मेन कॉक बंद करावा. दांडा असलेला बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडा पाइपला आडवा झाला की पाणी बंद. जुन्या घरांत गोल चाक असतं आणि वर्षानुवर्षं न फिरवल्याने ते अडकतं, तेव्हा हे फिरवून बघणं ऑक्टोबरातच उरकावं. नंतर बेसमेंटमधला सर्वांत खालचा नळ आणि वरच्या मजल्यावरचे सगळे नळ उघडावेत, कमोड फ्लश करावेत. वरून हवा शिरते, खालून पाणी निघून जातं. कुठे वाकड्या पाइपमध्ये थोडं पाणी राहिलं तरी नळ उघडे असल्याने ते कोंडत नाही. नळ तसेच उघडे ठेवून जायचं.

हीटिंग मात्र बंद करायचं नाही. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १३ सेल्सिअसच्या, खाली नेऊ नये. ते बाथरूम मुळातच थंड असेल तर ६० ठेवावं. घर गरम पाण्याच्या बॉयलरवर चालत असेल किंवा आगीसाठी छतात स्प्रिंकलर असतील, तर मेन कॉकला हात लावण्याआधी ती यंत्रणा सांभाळणाऱ्याला विचारावं, कारण त्यांनाही त्याच पाइपचं पाणी लागू शकतं. किल्ली ओळखीच्या कोणाकडे द्यावी आणि नुसतं ‘लक्ष ठेवा’ न म्हणता फर्नेस चालू आहे का हे आत जाऊन बघायला सांगावं. वीज गेली किंवा फर्नेस बंद पडली तर बाहेरून काहीच कळत नाही.

विम्याच्या कागदातही हे सगळं दडलेलं असतं. अमेरिकेतल्या प्रचलित पॉलिसींत गोठून फुटलेल्या पाइपची भरपाई मिळायची तर घर गरम ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी लागते, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावे लागतात. कॅनडातल्या अनेक पॉलिसी याहून कडक आहेत: हिवाळ्यात काही दिवसांहून जास्त, बऱ्याचदा चारच दिवस, घर सोडलं तर कोणीतरी रोज आत येऊन पाहायला हवं किंवा पाणी बंद हवं. तिकिटं काढतानाच आपली पॉलिसी उघडून हे वाक्य शोधावं.

परत आल्यावर प्रवासाचा शीण असतो, मुलं पेंगत असतात आणि पहिला हात नळाकडे जातो. आधी वरच्या मजल्यावरचा एक सोडून सगळे नळ बंद करावेत आणि मेन कॉक अगदी हळू, थोडासाच उघडावा. उघड्या नळातून फसफसत हवा निघेल, मग अखंड धार येईल. तेव्हा तो बंद करून कॉक पूर्ण उघडावा. पाण्याने भरलेली टाकी नक्की झाल्याशिवाय वॉटर हीटर चालू करू नये. त्यानंतर अर्धा तास एका माणसाने गॅरेजमध्ये त्या बाथरूमच्या खालचं छत पाहत राहावं. ड्रायवॉलवर पिवळट डाग पसरताना दिसला, की धावत जाऊन कॉक बंद.