‘बॅड’ कधी चांगलं असतं?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साहस हा गुन्हा आहे. एखाद्याची वस्तू लपूनछपून नेली तर ती चोरी. तीच वस्तू त्याच्यादेखत, दांडगाईने हिसकावून नेली तर ते साहस. त्यासाठी दंडाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. खालची 48 ते 96 पण, मधली 200 ते 500 पण आणि वरची 500 ते 1000 पण. आज त्याच शब्दावरून आपण साहसी खेळांची शिबिरं भरवतो आणि बुडणाऱ्याला वाचवणाऱ्या मुलाच्या साहसाचं कौतुक करतो. दांडगाईचा अविचार झाला, अविचाराचं धाडस झालं आणि धाडसाचा गुण झाला. हे इतकं पूर्ण झालं की आता मूळचा वाईट अर्थ सांगायचा असेल तर आपल्याला दुःसाहस म्हणावं लागतं.

शब्दाचा अर्थ असा खालून वर चढतो त्याला अर्थोत्कर्ष म्हणतात. मुग्ध हा शब्दही याच वाटेने आला. ‘मुह्’ म्हणजे गोंधळणं, भान हरपणं. त्यावरून मुग्ध म्हणजे मूढ, अजाण. तेराव्या शतकात यादवांच्या राज्यात, हेमाद्रीच्या आश्रयाने बोपदेवाने संस्कृतचं एक व्याकरण रचलं आणि त्याला नाव दिलं ‘मुग्धबोध’, म्हणजे ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठीचा बोध. त्याच शब्दातल्या भोळेपणाला पुढे गोडवा चिकटला आणि आज आपण मुलीचं नाव हौसेने मुग्धा ठेवतो.

इंग्रजीतल्या ‘नाइस’ची कुंडली याच्याशी चकित करण्याइतकी जुळते. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘न जाणणारा’. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कुणाला नाइस म्हटलं की तो मूर्ख ठरायचा. पुढे तो शब्द नखरेल माणसाला, मग चोखंदळ माणसाला, मग बारकाईच्या आणि नेमकेपणाच्या कामाला लागू झाला आणि अठराव्या शतकात ‘छान’ या अर्थावर येऊन बसला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त हेन्री हा तरुण कॅथरिनला याच शब्दावरून चिडवतो, कारण ती ऊठसूट सगळ्यालाच नाइस म्हणते. हेन्रीला अजून काटेकोरपणाचा अर्थ जवळचा वाटतो, तिच्या तोंडी मात्र नवा अर्थ बसलेला आहे.

पण नाइस किंवा साहस शिकताना कुणी अडत नाही. जुना अर्थ मागे पडलेला आहे, शिकणाऱ्याला आजचा तेवढा माहीत असला की पुरे. खरी अडचण येते ती दोन्ही अर्थ एकाच वेळी, एकाच शहरात, कधी एकाच माणसाच्या तोंडी नांदत असतात तेव्हा. ‘बॅड’ आणि ‘सिक’ हे त्या जातीचे शब्द आहेत.

‘बॅड’ची गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या समाजात सुरू होते. गुलामगिरीच्या काळात मालकाच्या दृष्टीने वाईट गुलाम कोणता? जो ऐकत नाही, उलटून बोलतो, पळून जायचा प्रयत्न करतो, चाबकाला भीत नाही तो. मालक त्याला ‘बॅड’ म्हणायचा. त्याच माणसाकडे बाकीचे गुलाम भीतीने आणि आदराने बघायचे. एकच माणूस, एकच विशेषण, पण बोलणारा बदलला की विशेषणाचं तोंड फिरायचं. गुलामगिरी संपल्यावरही हा ‘बॅड मॅन’ लोकगीतांत राहिला. 1895 च्या नाताळात सेंट लुईसमध्ये ली शेल्टन नावाच्या माणसाने एका भांडणात बिली लायन्सला गोळी घातली. त्यावरून स्टॅगोलीची गाणी झाली आणि तो गुन्हेगार गाण्यांमधून दरारा असलेला नायक होऊन बसला. मग जॅझ वाजवणाऱ्यांनी हा शब्द उचलला. ऐकणाऱ्याला थक्क करून सोडणारा वादक तो ‘बॅड’.

काही अभ्यासक आणखी मागे, पश्चिम आफ्रिकेत जातात. तिथल्या मांडिंका भाषेत एखादी गोष्ट फार चांगली आहे हे सांगताना ‘वाईट’ या अर्थाचा शब्द जोर देण्यासाठी वापरतात आणि गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी ही लकब सोबत नेली असावी, असं त्यांचं म्हणणं आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. मला स्वतःला मालक-गुलामाचा खुलासा अधिक पटतो, कारण हा अर्थ लगेच सगळ्यांचा का झाला नाही हेही त्यातून कळतं. तो आपल्या माणसांतला अर्थ होता. बाहेरच्याला कळू नये, यातच त्याचं काम होतं.

बाहेर तो गेला संगीतातून. 1986 मध्ये रन-डीएमसी या गटाने ‘पीटर पायपर’ हे गाणं केलं, त्यात आपण कुठल्या अर्थाने ‘बॅड’ म्हणतोय याचा खुलासा गाणारे स्वतःच करतात. पुढच्याच वर्षी मायकल जॅक्सनचा ‘बॅड’ हा अल्बम आला आणि मुंबई-पुण्यातल्या कॅसेटच्या दुकानांत ते नाव झळकलं. ते वाचून गोंधळलेल्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की, ज्यांची इंग्रजी ही घरची भाषा त्यांच्यासाठीही गाण्यात खुलासा करावा लागला होता.

‘सिक’चं वय कमी आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांत, स्केटबोर्ड खेळणाऱ्यांत आणि लाटांवर स्वार होणाऱ्या मुलांत तो कौतुकासाठी रुळला. एखाद्याने अशी उडी मारली की शहाण्या माणसाने मारू नये, तर ती उडी ‘सिक’. डोकं ठिकाणावर नसल्यासारखी, म्हणून अफाट.

इथे शब्दाच्या आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. वाईट अर्थाच्या शब्दात दोन गोष्टी असतात, निषेध आणि जोर. वापरता वापरता निषेध गळून पडतो, जोर तेवढा उरतो. हे आपणही करतो. ‘भयंकर आवडलं’ म्हणताना कुणाला भय वाटत नाही. ‘खतरनाक बॅटिंग केली’ म्हणजे गोलंदाजाची खैर नव्हती. तरी यात एक फरक आहे आणि मराठी माणूस इंग्रजीत अडखळतो तो तिथेच. ‘भयंकर आवडलं’, ‘भयानक सुंदर’ यांत पुढचा शब्द अर्थ सांगून टाकतो. ‘सिक’ला असा सोबती लागत नाही. तो एकटा येतो आणि वाक्य संपतं.

समजा, नाशिकची एक मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आहे. वर्गात तिने आपला प्रकल्प मांडला. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘दॅट वॉज सिक.’ तिच्या कानात शाळेत पाठ केलेली जोडी आहे, सिक म्हणजे आजारी. प्रकल्प आजारी कसा असेल? मग तिला दुसरा अर्थ आठवतो, तो म्हणजे विकृत, किळसवाणा. ‘सिक जोक’ म्हणतात तो. आता ती दुखावते. तिसरा अर्थ तिच्या शब्दकोशात असलाच तर तळाशी, बोलीभाषेतला अशी खूण लावून ठेवलेला आहे.

तिला मदत करतील अशा खुणा वाक्यातच आहेत. पहिली, ‘सिक’ कशाला म्हटलं आहे? ‘आय अ‍ॅम सिक’, ‘आय फील सिक’, ‘शी गॉट सिक’ यांत आजारच असतो. ‘सिक ऑफ’ आलं की कंटाळा. सायकल, गाणं, गोल, बूट यांना आजार होत नाही, म्हणून तिथे बहुधा कौतुक. उरतो अवघड मधला टापू. विनोद, सिनेमा, एखादी कल्पना, म्हणजे ज्यांत विकृती असू शकते अशा गोष्टी. तिथे व्याकरण हात टेकतं. आवाज ऐकावा लागतो. कौतुकाचा ‘सिक’ बहुतेकदा ताणलेला, उंचावलेला असतो, चेहरा उजळलेला असतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो की हे केलंस कसं? निषेधाचा ‘सिक’ तुटक पडतो आणि बोलणाराच मागे सरकतो. आपल्या मुलीला त्या मुलाने पुढे विचारलं, ‘तू हे कुठे शिकलीस?’ तर शंकेला जागा नाही.

‘बॅड’जवळ मात्र व्याकरणाची एक सुंदर खूण आहे, जी शाळेत कुणी सांगत नाही. वाईट या अर्थी त्याची रूपं होतात वर्स आणि वर्स्ट. कौतुकाच्या अर्थी तोच शब्द सरळ चालतो, बॅडर आणि बॅडेस्ट. 1973 मध्ये जिम क्रोचीचं लिरॉय ब्राउन या दांडगटावरचं गाणं अमेरिकेत गाजलं, त्यात हा बॅडेस्ट आहे. म्हणजे कुणी ‘वर्स्ट प्लेयर’ म्हटलं तर तो संघातला सगळ्यांत वाईट आणि ‘बॅडेस्ट’ म्हटलं तर त्याच्यासमोर उभं राहताना विचार करावा. जिभेने शब्दाचे दोन शब्द केव्हाच केले आहेत. आणि ‘नॉट बॅड’ या तिसऱ्याच गोष्टीचा याच्याशी संबंध नाही. ते आपलं ‘वाईट नाही’, बेताचं कौतुक.

मुळावरून अंदाज बांधण्याची सवय इथे दगा देते, आणि हुशार विद्यार्थ्यांना ती जास्त असते. ‘टेरिफिक’ आणि ‘टेरिबल’ एकाच भयाचे वंशज. 1667 च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये मिल्टनने टेरिफिक वापरला तो भीतिदायक या अर्थाने. आज टेरिफिक म्हणजे उत्तम, टेरिबल म्हणजे भिकार, आणि तसाच घडलेला ‘हॉरिफिक’ अजून भीषणच आहे. यात नियम शोधू नये, प्रत्येक शब्द वेगळा शिकावा.

दुसरी चूक उलट दिशेने होते. अर्थ कळल्याच्या आनंदात विद्यार्थी प्राध्यापकांना सांगतो, ‘युवर लेक्चर वॉज सिक.’ शब्द बरोबर, जागा चुकली. हे शब्द बरोबरीच्या माणसांत चालतात आणि ते कुणाच्या तोंडून आले यावर निम्मा अर्थ ठरतो. शिवाय ते लवकर शिळे होतात. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकातली मुलं ‘विकेड’ म्हणून कौतुक करायची. आज तिथे तो शब्द त्या पिढीचं वय सांगतो. म्हणून असे शब्द ओळखायला आधी शिकावं, वापरायला नंतर, आणि तेही भोवतालची आपल्या वयाची मंडळी वापरत असतील तरच.

साहसासारखा ‘सिक’ एक दिवस पुरता वर चढेल असं मला वाटत नाही. साहसाचा जुना अर्थ सांगायला दुसरे शब्द होते, म्हणून तो विरला. इंग्रजीत आजारपणाची रजा अजून ‘सिक लीव्ह’च आहे, ती दर आठवड्याला कुणीतरी मागतंच, आणि नासलेलं दूधही ‘बॅड’च होतं. जोवर हे चाललं आहे तोवर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहतील.