सेलवरचा आकडा आणि चार्जरवरचा आकडा

आमच्या भागात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, बॅटरीच म्हणतात, आणि तिच्या आत जातात ते सेल. शेतीची लाईट रात्रीची असली की पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातात ही बॅटरी असतेच. पूर्वी तिच्यात दोन-तीन जाडजूड सेल बसायचे आणि संपले की फेकायचे. आता बहुतेक ठिकाणी एकच लिथियम सेल असतो, १८६५० नावाचा. हे नाव म्हणजे त्याचं माप आहे: १८ मिलीमीटर जाडी, ६५ मिलीमीटर लांबी आणि शेवटचं शून्य गोल नळकांड्याच्या आकाराचं.

माझ्या चुलतभावाने आठवडी बाजारातून अशी एक बॅटरी घेतली. सेलवर मोठ्या अक्षरांत ९९०० एमएएच छापलेलं. महिनाभराने तो सेल आणि सोबत मिळालेला चार्जर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, एवढा आकडा लिहिलाय, मग तासाभरात उतरते कशी?"

मी आधी सेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. ३१ ग्रॅम भरला. शेजारी माझ्याकडचा एका नावाजलेल्या जपानी कंपनीचा सेल ठेवला, तो ४७ ग्रॅम. सेलमधली वीज साठते ती आत गुंडाळलेल्या, रसायनांचा थर दिलेल्या पत्र्यांमध्ये, आणि त्या पत्र्यांना वजन असतं. १८६५० च्या नळकांड्यात आज जगातले उत्तम कारखानेसुद्धा साधारण ३५०० ते ४००० एमएएचच बसवू शकतात, आणि तो सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या घरात जातो. तेव्हा ५०००, ९९०० किंवा १२००० छापलेला १८६५० सेल खरा असूच शकत नाही. तो किती खोटा आहे, एवढंच मोजायचं उरतं.

ते मोजायला माझ्याकडे चाचणीची सोय असलेला चार्जर आहे. तो सेल पूर्ण भरतो, मग ठरलेल्या प्रवाहाने पूर्ण उतरवतो, बाहेर आलेली वीज मोजतो आणि पुन्हा भरून ठेवतो. रात्री लावला, सकाळी पडद्यावर आकडा होता ८४०. ती बॅटरी ताशी आठशेच्या आसपास ओढत होती, म्हणजे भावाचा एक तास बरोबर होता. अशी चाचणी वाचताना एक काळजी घ्यावी लागते. काही चार्जर फक्त भरताना आत गेलेली वीज दाखवतात. अर्धवट भरलेला सेल लावला तर तो आकडा कमी दिसतो, म्हणून खरा निकाल उतरवतानाच्या आकड्याचाच.

त्या खोट्या आकड्यात फसवणुकीपेक्षा मोठा धोका आहे, आणि तो चार्जरमधून येतो. लिथियम सेल भरताना प्रवाह त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ठेवला तर तो निर्धास्त भरतो. २६०० एमएएचच्या खऱ्या सेलला १ अँपिअर अगदी सोसतं. पण ९९०० वाचून कुणी २ अँपिअरवर लावला आणि आत आहेत ८४०, तर प्रवाह क्षमतेच्या दुपटीहून जास्त होतो. सेल तापतो, आतल्या रसायनांची झीज होते, आणि हे पुन्हा पुन्हा घडलं तर तो फुटून पेट घेण्यापर्यंत मजल जाते. म्हणून प्रवाह हाताने ठरवता येईल असा चार्जर घ्या, निदान ०.५ आणि १ अँपिअर यांतला एक निवडता यावा. ज्या सेलची खात्री नाही, तो पाऊण नव्हे, अर्ध्या अँपिअरवरच लावा.

आता भावाचा चार्जर. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसणारा, दोन पिनांचा, लाल दिवा हिरवा झाला की झालं. लिथियम सेल भरायची नीट पद्धत म्हणजे काठोकाठ भरत आलेल्या हंड्याला तोटी बारीक करत जाणं. आधी ठरलेला प्रवाह चालू ठेवायचा, सेलचा दाब ४.२ व्होल्टवर पोचला की दाब तिथेच धरून ठेवायचा आणि प्रवाह आपोआप कमी कमी होऊ द्यायचा. तो अगदी थोडा, पन्नास-शंभर मिलीअँपिअरवर आला की बंद, आणि नंतर थेंबभरसुद्धा द्यायचा नाही. ४.२ व्होल्टला ०.०५ इतकीच चूक चालते. मी मल्टीमीटर लावला. हिरवा दिवा लागला तेव्हा सेल ४.२४ वर होता, म्हणजे मर्यादेच्या काठावर. मी तो तसाच ठेवला आणि खोलीत बसून राहिलो. तीन तासांनी मीटर म्हणत होता ४.३१. हा चार्जर बंद होतच नव्हता. हिरवा दिवा फक्त रंग बदलत होता.

ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. चांगल्या चार्जरमधून काढलेला सेल ४.१५ ते ४.२० च्या दरम्यान दिसतो, आणि हिरवा दिवा लागल्यावर तासभर ठेवला तरी आकडा वर चढत नाही. ४.२५ च्या पुढे गेला तर तो चार्जर पुन्हा वापरू नका.

इथे भावाने विचारलं की सेलमध्ये प्रोटेक्शन असतं ना, मग भीती कशाची? प्रोटेक्शन म्हणजे सेलच्या ऋण टोकाला चिकटवलेली नाण्याएवढी गोल पट्टी आणि तिच्यापासून वेष्टणाखालून धन टोकाकडे जाणारी धातूची बारीक फीत. सेल फार भरला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला की ती वाट तोडते. पण भरताना ती साधारण ४.२५ ते ४.३ व्होल्टला तोडते, आणि तो आकडा रोजचा नव्हे, संकटातला आहे. चार्जरने वेळेवर थांबायचं आणि पट्टीने त्याची चूक सावरायची. रोज पट्टीवरच भार टाकला तर प्रत्येक वेळी सेल गरजेपेक्षा जास्त भरतो, आणि पट्टी बिघडली तर थांबवणारं कुणी उरत नाही. भावाच्या सेलवर तर ती नव्हतीच. ओळखायची खूण म्हणजे लांबी. पट्टीमुळे सेल ६८ ते ७० मिलीमीटरचा होतो. ‘प्रोटेक्टेड’ छापलेला सेल पट्टीवर मोजून ६५ भरला तर छापील शब्दावर विसंबू नका. चार्जर घेतानाही त्याचा स्प्रिंगचा सरकता भाग ७० मिलीमीटरपर्यंत जातो का, ते पाहून घ्या.

सेल मीटरवर शून्य दाखवत असेल तर दोन शक्यता असतात. प्रोटेक्शन असेल तर ते फक्त तुटलेलं असतं, चांगला चार्जर बारीक प्रवाह देऊन ते पुन्हा जोडतो. प्रोटेक्शन नसलेला सेल मात्र २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिला असेल तर आतलं तांबं विरघळलेलं असतं आणि भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. त्याला जिवंत करायच्या फंदात पडू नये.

एक गोष्ट सांगायलाच हवी. सुटा १८६५० सेल मुळात घरगुती ग्राहकासाठी बनतच नाही. तो कारखान्यात पॅक बांधण्यासाठी असतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुटे सेल विकत घेऊ वा वापरू नका, असाच इशारा दिला. म्हणून भावाला मी नवीन बॅटरी घेताना सेल आत बंद असलेली, थेट यूएसबीने भरणारी घ्यायला सांगितली. जुन्या बॅटरीसाठी प्रोटेक्शन असलेला एक खरा सेल आणि यूएसबीवर चालणारा साधा एका खणाचा चार्जर पुरतो. पडद्यावर व्होल्ट दाखवणारा असेल तर उत्तमच. दोन पिनांचा जुना चार्जर मी त्याच दिवशी वायर तोडून टाकला. ३१ ग्रॅमच्या सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावली आहे, तो ई-कचऱ्यात देणार आहे.