‘हे आपल्यातच राहू द्या’ : बैठकीच्या गोषवाऱ्याबद्दलचे गैरसमज

रेकॉर्डिंग चालू असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे बोललेलं सगळं गोषवाऱ्यात घ्यायला हरकत नाही, हा पहिला गैरसमज. रेकॉर्डिंगला होकार देणारा माणूस नोंद ठेवायला होकार देतो. आठ जणांसमोर बोललेलं वाक्य तीन कारखान्यांतल्या दोनशे जणांनी वाचावं, याला नव्हे. कंपनी कायदा, २०१३ मधल्या कलम ११८ नुसार बदनामीकारक, गैरलागू किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर इतिवृत्तात घ्यायचा की नाही, हे अध्यक्ष ठरवतात. खात्याच्या रोजच्या बैठकीला हे कलम लागत नाही, पण कसोटी म्हणून ते चांगलं आहे.

मग नाव गाळलं की भागतं, असं अनेकांना वाटतं. लंडनच्या चॅटम हाउसचा १९२७ पासूनचा प्रसिद्ध नियम याहून कडक आहे: ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली हे तर नाहीच, तो कोणत्या संस्थेचा हेही उघड करायचं नाही. ‘गुणवत्ता विभागाकडून असं कळलं’ असं लिहिलं आणि त्या विभागाचा एकच माणूस बैठकीला असला, तर नाव गाळून काय साधलं? समजा, सुट्या भागांची ऑर्डर ठरवताना तो म्हणाला, ‘हे आपल्यातच राहू द्या, पण त्या पुरवठादाराचे मालक फार आजारी आहेत.’ त्यावरून ऑर्डर ६०:४० अशी दोघांत विभागली गेली. गोषवाऱ्यात ‘पुरवठादाराच्या वैयक्तिक अडचणीमुळे’ असं आलं की दुपारच्या चहापर्यंत अंदाज बांधले जाणार. हा भागच पूर्ण गाळला, तर निर्णय निराधार दिसतो. ‘भाव जास्त होता’ लिहिणं तर सरळ खोटं. ‘पुरवठा खंडित होऊ नये म्हणून ऑर्डर दोन पुरवठादारांत विभागली’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

यावर आक्षेप येतो की ही लपवाछपवी झाली. तसं नाही. वाचणाऱ्याला निर्णय आणि त्याचं खरं कारण मिळतं. आजारपणाची माहिती, जपून ठेवायचीच असेल तर, निर्णय घेणाऱ्यांपुरत्या वेगळ्या टिपणात राहते. मात्र ‘आपल्यातच’ म्हणून सांगितलेली गोष्ट यंत्राच्या संरक्षक जाळीत दोष असल्याची असेल, तर गुप्ततेचा आडोसा चालत नाही. सांगणाऱ्याचं नाव न घेता ती लगेच सुरक्षा अधिकाऱ्याकडे जायला हवी.

‘[गोपनीय भाग वगळला, ४२:१०]’ अशी टीप सावधगिरीची वाटते, पण ती नेमकं कुठे ऐकायचं हेच सांगते. त्यापेक्षा मसुदा आधी बोलणाऱ्याला दाखवावा, मग बैठकीला नसलेल्या एखाद्या जबाबदार सहकाऱ्याला वाचायला देऊन त्याला काय ताडता येतं ते विचारावं. आणि पाठवण्यापूर्वी मेलच्या तळाशी पाहावं: गोषवाऱ्याखाली पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक आपोआप चिकटलेली असेल, तर ही सगळी काटछाट फुकट जाते.