ऐंशी शब्दांचे वाक्य आणि त्याचे सांधे

परभणीत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक दोन कामांसाठी येतात. लग्नपत्रिकेतला मायना तपासून घ्यायला, नाहीतर शोधनिबंध 'भाषेच्या दृष्टीने' पाहून घ्यायला. पहिले काम पाच मिनिटांचे असते. दुसऱ्या कामासाठी येतात ते बहुधा समाजशास्त्र, अर्थशास्त्र, ग्रामीण विकास या विषयांचे तरुण प्राध्यापक. त्यांची मागणी ठरलेली असते: "सर, वाक्यं फार लांब झालीत, जरा तोडून द्या." गेल्या काही वर्षांत अशी बरीच वाक्ये हाताखालून गेली, आणि त्यातली काही मी चुकीची तोडली. हा आढावा त्या चुकांचाच आहे.

आधी लांब वाक्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. लांबी हा त्याचा गुन्हा नव्हे. सरकारी आदेशातले 'ज्याअर्थी… त्याअर्थी…' असे पानभर चालणारे वाक्य वाचवत नाही हे खरे, पण कोणत्या कारणांवरून कोणता आदेश निघाला हे त्यात अचूक सापडते. उलट सात-सात शब्दांची वाक्ये एकाखाली एक लावली म्हणजे विचार स्पष्ट झाला असेही नाही. लीळाचरित्राचे गद्य तुटक वाक्यांचे आहे, पण तिथे प्रसंग सांगायचा असतो आणि प्रसंगाला काळाचा क्रम पुरतो. समाजशास्त्राच्या निबंधात अमुक का घडते, कोणाच्या बाबतीत घडते, कशावरून म्हणता, अपवाद कोणता, हे सांगायचे असते. वाक्य तोडताना नेमके हेच धागे तुटतात.

आता एक वाक्य घेऊ. ते मी नमुना म्हणून रचले आहे, त्यामुळे त्यातली विधाने आकडेवारी म्हणून कोणी घेऊ नयेत. घडण मात्र माझ्याकडे येणाऱ्या निबंधांचीच आहे. विषय आपल्या जिल्ह्यातला, दसरा-दिवाळीच्या सुमारास दरवर्षी डोळ्यांसमोर येणारा: ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या.

"गंगाखेड तालुक्यातील ज्या कोरडवाहू कुटुंबांकडे पाच एकरांहून कमी जमीन आहे आणि ज्यांना हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळालेली असते त्यांच्यापैकी बहुसंख्य कुटुंबे, जरी गावात रोजगार हमीचे काम उपलब्ध असले तरी त्या कामाची मजुरी हातात पडण्यास होणारा विलंब लक्षात घेऊन आणि उचलीची परतफेड ऊसतोडीच्या मजुरीतूनच करावी लागत असल्यामुळे, कारखान्याच्या पट्ट्यात पाच-सहा महिने जाण्याचा निर्णय घेतात, ज्यामुळे त्यांच्या शाळकरी मुलांचे शिक्षण खंडित होते, परंतु ज्या घरांत मुलांना सांभाळण्यासाठी आजी-आजोबा मागे राहतात तेथे हा खंड तुलनेने कमी पडतो, असे या अभ्यासातील उत्तरदात्यांच्या मुलाखतींवरून दिसून येते."

मोजून ऐंशी शब्द. व्याकरणात चूक नाही. पण शेवटच्या 'दिसून येते'पर्यंत पोचताना सुरुवातीची पाच एकरांची अट कधीच विसरलेली असते.

सुरुवातीच्या काळात मी असले वाक्य हाती आले की पूर्णविरामांचा कोयता चालवीत असे. फळ असे मिळे: "गंगाखेड तालुक्यातील कोरडवाहू कुटुंबांकडे पाच एकरांहून कमी जमीन आहे. त्यांना मुकादमाकडून उचल मिळते. गावात रोजगार हमीचे काम उपलब्ध आहे. त्याची मजुरी उशिरा मिळते. बहुसंख्य कुटुंबे कारखान्याच्या पट्ट्यात जातात. मुलांचे शिक्षण खंडित होते. परंतु आजी-आजोबा मागे राहतात तेथे हा खंड कमी पडतो, असे मुलाखतींवरून दिसते."

वाचायला किती सोपे! आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य मूळ लेखकाने न केलेले विधान करते. पहिलेच बघा. मूळ वाक्यात 'ज्या… त्यांच्यापैकी' ही जोडी कुंपण घालत होती: इतकी जमीन आणि शिवाय उचल घेतलेली, एवढ्याच कुटुंबांबद्दल बोलतो आहे. मी कुंपण काढले आणि तालुक्यातल्या सगळ्या कोरडवाहू शेतकऱ्यांना अल्पभूधारक करून मुकादमाच्या दारात उभे केले. पुढे मजुरीचा विलंब आणि स्थलांतर ही दोन वाक्ये शेजारी बसली, पण एक दुसऱ्याचे कारण आहे हे कुठेच उरले नाही. उचल कशातून फेडायची हे तर वाहूनच गेले. आणि 'असे मुलाखतींवरून दिसते' हे शेपूट मुळात सबंध वाक्याला होते. आता ते फक्त आजी-आजोबांना चिकटले, बाकीची विधाने पुराव्याविना सिद्ध सत्यासारखी उभी राहिली.

मराठीत हा धोका अधिक आहे, कारण आपले क्रियापद शेवटी येते आणि खात्री किती, आधार कोणता, हे त्या शेवटच्या क्रियापदातच असते: 'दिसते', 'असावे', 'म्हणता येईल', 'सांगितले'. वाक्य तोडले की ते एकाच तुकड्याच्या वाट्याला जाते.

तेव्हापासून मी तोडण्याआधी सांधे मोजतो. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही. शाळेत घोकलेली उभयान्वयी अव्यये पुरतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या व्याकरणाइतके खोल जायचीही गरज नाही. कारणबोधक, परिणामबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक, न्यूनत्वबोधक ही नावे परीक्षेनंतर आपण टाकून दिली, पण समासात पेन्सिलीने लिहायला त्यांच्याइतकी सोयीची नावे नाहीत. आपल्या वाक्यात 'जरी–तरी'पाशी संकेत लिहा, 'ज्यामुळे'पाशी परिणाम, 'परंतु'पाशी न्यूनत्व, 'सांभाळण्यासाठी'पाशी उद्देश.

खरी गंमत ज्या सांध्यावर अव्ययच नाही तिथे आहे. 'विलंब लक्षात घेऊन' यातला 'ऊन' बघा. 'जेवून निघाला' म्हणजे आधी जेवला, मग निघाला. 'घाबरून पळाला' म्हणजे घाबरल्यामुळे पळाला. प्रत्यय एकच, एकदा क्रम सांगतो, एकदा कारण. लांब वाक्यात संदर्भ त्याला सांभाळून घेतो. वाक्य तोडताना मात्र आपल्याला ठरवावे लागते, नंतर 'मग' लिहायचे की 'त्यामुळे'. इथे तो कारणच आहे, आणि त्याच्या शेजारचा 'असल्यामुळे' हे दुसरे कारण. म्हणजे निर्णयाची कारणे दोन आहेत, आणि ती दोन आहेत हे वाचकाला आकड्यात सांगून टाकलेले बरे.

'परंतु'चे दुखणे वेगळे. तो किती मागे पोचतो? आजी-आजोबा असले की स्थलांतरच कमी होते असे नव्हे; कमी होतो तो फक्त शिक्षणातला खंड. मूळ वाक्यात 'हा खंड' हे शब्द त्याला आवर घालतात. तुटलेल्या वाक्यांत नुसते 'हे' किंवा 'त्यामुळे' लिहिले तर ते कशाकडे बोट दाखवते हे कळत नाही. म्हणून नाम पुन्हा लिहायचे: 'या स्थलांतरामुळे', 'शिक्षणातील हा खंड'. पुनरुक्ती टाळा असे आम्हीच मुलांना निबंधात शिकवले. इथे ती टाळू नये.

हे सगळे सांभाळून झालेला मसुदा असा:

"पुढील निष्कर्ष या अभ्यासातील उत्तरदात्यांच्या मुलाखतींवरून काढले आहेत. गंगाखेड तालुक्यातील ज्या कोरडवाहू कुटुंबांकडे पाच एकरांहून कमी जमीन आहे आणि ज्यांना हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळालेली असते, त्यांच्यापुरतेच ते मर्यादित आहेत. गावात रोजगार हमीचे काम उपलब्ध असले, तरी यांपैकी बहुसंख्य कुटुंबे पाच-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात जाण्याचा निर्णय घेतात. या निर्णयामागे दोन कारणे दिसतात. एक, रोजगार हमीची मजुरी हातात पडण्यास विलंब होतो. दोन, उचलीची परतफेड ऊसतोडीच्या मजुरीतूनच करावी लागते. या स्थलांतरामुळे त्यांच्या शाळकरी मुलांचे शिक्षण खंडित होते. मात्र ज्या घरांत मुलांना सांभाळण्यासाठी आजी-आजोबा मागे राहतात, तेथे शिक्षणातील हा खंड तुलनेने कमी पडतो."

एकाची आठ वाक्ये झाली, आणि एकूण शब्द वाढले. ते वाढणारच. प्रत्ययात दडलेला संबंध उघड करायचा तर त्याला शब्दाची किंमत मोजावी लागते, आणि शब्दमर्यादा असलेल्या नियतकालिकात ती जाचते. अशा वेळी मी दुसरीकडची विशेषणे कापतो, 'त्यामुळे' कापत नाही. दोन ठिकाणी मी मुद्दाम तोडलेलेच नाही: 'ज्या… त्यांच्यापुरतेच' आणि 'असले, तरी'. कुंपण घालणारे गौण वाक्य आणि अट किंवा सवलत सांगणारी जोडी एकाच पूर्णविरामाच्या आत राहू द्यावी, असे माझे मत झाले आहे. 'जर' एका वाक्यात आणि 'तर' दुसऱ्यात गेला की पहिले वाक्य अट राहत नाही, बातमी होते.

आधाराचे वाक्य शेवटून उचलून पहिल्या जागी नेले, म्हणजे ते पुढच्या सगळ्यांवर छत्र धरते. यातही एकदा पाय घसरला होता. अशाच एका निबंधात 'दिसून येते'ऐवजी मी 'उत्तरदाते सांगतात' असे लिहिले. कानाला बरे वाटले म्हणून. लेखक मसुदा घेऊन परत आला. "सर, एकही माणूस असं बोललेला नाही. त्यांच्या बोलण्यावरून मी काढलंय ते." त्याचे बरोबर होते. लोकांचे म्हणणे आणि संशोधकाचे अनुमान यांतला फरक मी एका क्रियापदाने पुसला होता.

तपासणीची माझी पद्धत साधी आहे. नव्या मसुद्यातले प्रत्येक वाक्य एकटे उचलायचे आणि लेखकाला विचारायचे, हे एवढेच कोणी तुमच्या नावाने उद्धृत केले तर चालेल का? कारण प्रबंधांत उद्धृत होते ते एकेक वाक्यच. वरच्या मसुद्यातले 'या स्थलांतरामुळे त्यांच्या शाळकरी मुलांचे शिक्षण खंडित होते' हे वाक्य या चाचणीत काठावर पास होते. 'त्यांच्या' हा शब्द तेवढा मागच्या कुंपणाकडे नेतो. दुसरी तपासणी वेळखाऊ आहे. मूळ न पाहिलेल्या माणसाला नवी वाक्ये द्यायची आणि पुन्हा एक वाक्य करायला सांगायचे. त्याचे कारण, परिणाम, अपवाद मूळच्याच जागी बसले तर तुकडे नीट पडले.

या बाबतीत आपल्या भागातला आदर्श म्हणजे नरहर कुरुंदकर. ते तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात जन्मले. तो भाग आज हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांची वाक्ये बहुधा आखूड असतात, पण मागच्या वाक्याने पुढच्याला काय दिले हे वाचकाला शोधावे लागत नाही. शोधनिबंध लिहिणाऱ्याने त्यांची मते पटोत न पटोत, दोन पूर्णविरामांच्या मध्ये ते काय करतात ते जरूर पाहावे.

एक गोष्ट मात्र संपादकाच्या हातात नसते. 'गावात काम उपलब्ध असले तरी' याचा अर्थ काम खरोखर उपलब्ध होते असा, की असते तरीही गेले असते असा? आणि 'तुलनेने कमी' म्हणजे नेमके कोणाच्या तुलनेत? ऐंशी शब्दांच्या गर्दीत हे प्रश्न झाकलेले होते. वाक्य लहान झाले आणि ते वर आले. वरच्या मसुद्यात मी दोन्ही जागा तशाच ठेवल्या आहेत, कारण उत्तर व्याकरणात नाही, मुलाखतींच्या वहीत आहे. तेव्हा संशोधक मित्रांना एवढीच विनंती: वाक्य तोडून घ्यायला याल तेव्हा ती वही सोबत आणा.