वंगणाच्या गोष्टी : घाटात मिळेल ते ऑइल

मागच्या भागात डिपस्टिक वाचायला शिकलो. आता ती वाचून पोटात गोळा येतो तेव्हाचं बघू.

पेट्रोल गाडी आंबोली घाट उतरते आहे. वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. हा दिवा दाबाचा असतो. ऑइल कमी असलं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. दहा मिनिटांनी पाहिलं, तर डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. इंजिनात 5W-30 आहे, पण जवळच्या दुकानात मिळतं ते दुसऱ्या कंपनीचं 15W-40. टाकावं का?

टाकावं. ‘दोन ऑइलं मिसळली की दुधासारखी फाटतात’ हे गॅरेजात सर्रास ऐकू येतं, पण ते खरं नाही. एपीआय प्रमाणित ऑइल इतर इंजिन ऑइलांत नीट मिसळतं की नाही, याची चाचणी झालेली असते. सिंथेटिक आणि मिनरलही एकमेकांत विरघळतात. झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला तर संशय पाण्याचा किंवा कूलंटच्या गळतीचा घ्यावा, मिश्रणाचा नाही.

बदलतो तो दाटपणा. 100 अंशांना 5W-30 चा दाटपणा साधारण 10.5 सेंटीस्टोक असतो, 15W-40 चा 14.5. आत सव्वादोन लिटर उरलंय आणि एक लिटर नवं टाकलं, तर मिश्रण साडेअकराच्या आसपास येतं. 30 ग्रेडची हद्द 12.5 पर्यंत आहे, म्हणजे तापलेल्या इंजिनाला फरक जेमतेम जाणवेल. गार इंजिन सुरू होताना मात्र ऑइल थोडं सावकाश वर चढेल. आंबोलीत ते चालतं, लेहच्या हिवाळ्यात नडेल.

खरं नुकसान होतं ते रसायनांच्या मेळाचं. प्रत्येक कंपनी मळ धुणारी, काजळी तरंगती ठेवणारी आणि झीज रोखणारी द्रव्यं आपल्या प्रमाणात बसवते. मिश्रणात ती सगळी असतात, पण त्या प्रमाणाची परीक्षा कुणीच घेतलेली नसते. म्हणून असं ऑइल पूर्ण मुदतीपर्यंत चालवू नये असं माझं ठाम मत आहे. पुढच्या हजारभर किलोमीटरांत ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. बाईकचा क्लच बहुधा त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी तो घसरू लागतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघा. दुसरं ठिकाण बीएस6 डिझेल गाड्यांचं. त्यांच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला कमी राखेचं ऑइल लागतं. ट्रकच्या जुन्या प्रकारच्या ऑइलाची राख तिथे साठते आणि काजळीसारखी जळून जात नाही. पर्यायच नसेल तर खालच्या खुणेच्या जरा वर येईल एवढंच ओता आणि पोचल्यावर बदला.

ओतताना घाई नको. पाव-पाव लिटर टाकून, थांबून, सपाट जागी डिपस्टिक पाहा. वरची खूण बरीच ओलांडली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करते, आणि फेसातून दाब टिकत नाही. भरल्यावर इंजिन सुरू करा. काही सेकंदांत दिवा विझला नाही, तर कमी ऑइलाखेरीज दुसरं काही बिघडलं आहे. तिथून पुढे टोइंगनेच जायचं.